शिट्टीच्या आधी सुटलेली मुले

शाळेच्या क्रीडादिनाची दीड मिनिटाची रील मी ठरल्या वेळी दिली, तरीही मुख्याध्यापकांनी मला न विचारताच शेवटच्या रेषेवरच्या कॅमेऱ्याची न कापलेली फीत एका पालकांना पाठवली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ मोबाइल पुढे धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"नीट बघा. सगळी मुले शिट्टीच्या आधी पळाली आहेत. शिट्टी ऐकून पळणारा एकटा आमचा मुलगा आहे."

दिसत होते ते खरेच होते. 100 मीटरच्या शर्यतीत एक कॅमेरा मी सुरुवातीच्या रेषेजवळ हातात धरला होता आणि दुसरा शेवटच्या रेषेवर तिपाईवर लावला होता. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे शिट्टी दुसऱ्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचायला जवळजवळ 0.3 सेकंद लागले, म्हणजे 25 फ्रेमच्या चित्रीकरणात सात फ्रेम. मुले शिट्टी ऐकूनच पळाली. उशीर झाला तो कॅमेऱ्याच्या कानाला. त्यांचे चिरंजीव मात्र बुटाची नाडी न्याहाळत असल्यामुळे तेवढाच वेळ उशिरा निघाले, आणि त्या फितीत मैदानावरचे एकमेव सत्यवादी ठरले.

मी म्हटले, "अहो, वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो ना?"

"त्या दिवशी पाऊस कुठे होता?" ते म्हणाले, आणि शर्यत पुन्हा घेण्याची मागणी करण्यासाठी कार्यालयाकडे वळले.

वास्तविक याच सात फ्रेमसाठी मी अर्धी रात्र जागलो होतो. संपादनाच्या सॉफ्टवेअरला दोन्ही फितींतल्या शिट्ट्या आवाजावरून जुळवायला सांगितल्या, तर ते इमानाने जुळवते. पण मग धावणारी मुले शेवटच्या रेषेवरच्या दृश्यात येताना एकदम दीड-दोन मीटर पुढे उडी मारतात. म्हणून दोन्ही चित्रांत पहिला पाय जमिनीवरून सुटतो ती फ्रेम शोधायची, दूरची फीत तेवढ्या फ्रेम उशिराने लावायची, तिचा आवाज बंद करायचा आणि सबंध शर्यतीखाली सुरुवातीच्या रेषेजवळचाच आवाज ठेवायचा. हे काम नीट झाले की कोणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते केलेच नाही असा शाळांचा हिशेब असतो.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. रील त्यांनी पाहिलीच नव्हती, पण निर्णय तयार होता: वाद नको, शिट्टी काढून टाका आणि तिथे जोशपूर्ण संगीत घाला. मी निमूटपणे घातले. आता त्या शर्यतीत मुले कशाच्या इशाऱ्यावर पळतात, हे कोणालाच सांगता येत नाही.

संध्याकाळी त्याच गृहस्थांचा फोन आला. आपल्या मुलाच्या प्रामाणिकपणाचा एकमेव पुरावा मी मुद्दाम नष्ट केला, अशी त्यांची नवी तक्रार असून ती त्यांनी शाळेला लेखी दिली आहे.