ब्लू कट चष्मा आणि चुरचुरणारे डोळे

"दिवसभर कॉम्प्युटरवर असता? ब्लू कट चष्मा घ्या, डोळे दुखणार नाहीत," असा सल्ला मिळतो.

पण अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कोक्रेन आढाव्यात साध्या काचांपेक्षा निळा प्रकाश अडवणाऱ्या या काचांचा डोळ्यांच्या थकव्यावर फारसा फायदा दिसला नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्याही अर्धवट. म्हणून डोळा कोरडा पडतो. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात एका ताईंचे डोळे दुपारी चारला चुरचुरायचे. (ब्लू कट चष्मा होताच, महागातला.) मॉनिटर उंच आणि एसीचा झोत थेट तोंडावर. झोत वळवला, स्क्रीनची वरची कड नजरेच्या जरा खाली आणली, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघत पापण्या पूर्ण मिटायच्या. चुरचुर बरीच कमी झाली. प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर मात्र धूसरच दिसायचा. तपासल्यावर नंबर निघाला.