मीटिंग बोलावताय? मग आधी ‘खंय?’ विचारा

आमच्या वाडीतल्या पोरांच्या ग्रुपवर हल्ली कशावरूनही ‘इमर्जन्सी मीटिंग’ लागते. कोणी फोन उचलला नाही, कोणी इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच कुडाळला गेला, कोणाचं पोट नेमकं पार्टीच्या दिवशी बिघडलं. लगेच ‘हा सस आहे’, म्हणजे संशयित, लगेच लाल अंतराळवीराचा स्टिकर, लगेच मतदान. ‘अमंग अस’ या खेळातून आलेली ही मस्करी मला आवडते. मित्रावर संशय घ्यायची इतकी हसरी पद्धत आमच्याकडे याआधी नव्हती. पण निम्मी पोरं ती अर्धवट उचलतात. खेळातला आरोप घेतात आणि आरोपाला खेळाने घातलेली वेसण तिथेच सोडून येतात. मग उरते ती साधी चहाडी, फक्त इंग्रजी शब्दांची.

ज्यांनी ‘अमंग अस’ खेळलेलं नाही त्या काका-मावशींसाठी थोडक्यात. खेळ आला 2018 मध्ये, तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अचानक जगभर पसरला. आमच्याकडची पोरं त्याच सप्टेंबरात पबजीवर बंदी आल्यावर तिकडे वळली. मोबाइलवर फुकट होता आणि साध्या फोनवरही चालायचा. एका यानात रंगीबेरंगी खलाशी असतात. ते वायरी जोडतात, कार्ड स्वाइप करतात, कचरा टाकतात. त्यांच्यातलाच एखादा, फार तर तिघे, इम्पोस्टर. तो कामं करण्याचं नाटक करतो, यान बिघडवतो आणि एकेकाला गुपचूप मारतो. खेळ चालू असताना चॅट बंद असतं. कोणाला मढं सापडलं, किंवा कोणी कॅफेटेरियातलं बटण दाबलं, की मीटिंग भरते, तोंडं उघडतात आणि मतदान होऊन एकाला यानाबाहेर फेकतात.

या सगळ्यात एक गोष्ट लोक विसरतात. खेळात इम्पोस्टर असतोच. खेळ सुरू होण्याआधीच होस्टने आकडा ठरवलेला असतो, आणि शून्य हा आकडा तिथे चालत नाही. म्हणून तिथे संशय घेणं हेच सगळ्यांचं काम. तरीही हिशेब बघा. दहा जण खेळतायत, एक इम्पोस्टर आहे आणि तुम्ही निरपराध आहात. समोर उरले नऊ, त्यातला दोषी एक. पुरावा नसताना बोट दाखवलं तर नऊपैकी आठ वेळा ते निरपराधावरच जाणार. जिथे चोर आहे याची खात्री आहे, तिथे ही अवस्था. मित्रांच्या ग्रुपमध्ये तर बहुतेक वेळा चोर नसतोच. कुडाळला गेलेला पोरगा दाताच्या डॉक्टरकडे गेलेला असतो.

पण मीटिंग भरली की कोणाला तरी बाहेर काढल्याशिवाय पोरांना चैन पडत नाही. खेळात त्यावर दोन उपाय आहेत. एक, ‘स्किप’ला मत देता येतं, आणि मतं समसमान पडली तर कोणीच बाहेर जात नाही. दुसरा उपाय खेळणाऱ्यांनी स्वतः घडवलाय. मढं सापडलं की अनुभवी खेळाडूचा पहिला सवाल ‘कोण?’ नसतो, ‘कुठे?’ असतो, आमच्या मालवणीत ‘खंय?’. मढं कुठे, तू कुठे, तुझ्यासोबत कोण. जागा न सांगता जो पहिल्याच वाक्यात ‘रेड सस’ म्हणतो, त्याच्यावरच सगळ्यांची नजर जाते.

आमच्या ग्रुपवर हे नीट पार पडलं ते एकदाच, गेल्या वर्षी गणपतीच्या आधी. ती मीटिंग मला अजून आवडते म्हणून सविस्तर सांगतो. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना खेळातले रंग देऊन टाकलेत, तेव्हा नावांचा प्रश्न नाही. ब्राउन आमचा पखवाजी. देवळात रोज रात्री भजनाची तालीम चालू होती आणि नेमका तोच लागोपाठ गायब. कारण काय, तर ‘घराक काम हा’. वरच्या वाडीच्या भजन मंडळाशी आमची जुनी चुरस आहे. डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोरचा सामना, झाली नाही तरी ती झाल्यासारखंच आम्ही वर्षभर बोलत असतो, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अशात एका रात्री ग्रीनने ग्रुपवर एका मोटारसायकलचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘बॉडी रिपोर्टेड’.

ग्रीन : ब्राउन सस. तेची गाडी वरच्या वाडीत.
ब्लू : खंय? किती वाजता?
ग्रीन : देवळाकडे. साडेआठ. मिया स्वतः बघलंय.
ब्लू : गाडी बघलंस की माणूस बघलंस?
ग्रीन : गाडी.
ब्लू : मगे गाडीक व्होट घाल.

ब्लूचा प्रश्न विनोदी वाटला तरी खेळातला अगदी मुरलेला प्रश्न आहे. यानात भिंतींमधून जाणाऱ्या हवेच्या वाटा असतात, त्यांना व्हेंट म्हणतात. सुरुवातीला त्यातून फक्त इम्पोस्टरच जाऊ शकायचा. म्हणजे ‘हा व्हेंटमधून बाहेर पडताना दिसला’ हा पुरावा होता आणि ‘हा व्हेंटजवळ उभा होता’ हा नुसता वास. 2021 च्या शेवटी खेळात इंजिनियर नावाची भूमिका आली. तो खलाशी असूनही व्हेंट वापरतो, त्यामुळे ती भूमिका चालू असेल तर डोळ्यांनी बघितलेलंही पुरेसं ठरत नाही. देवळाकडे लावलेली गाडी म्हणजे व्हेंटजवळ उभा असलेला माणूस. गाडी कोणीही नेलेली असू शकते. आमच्याकडे तर नेतातच, पेट्रोलही न भरता.

ब्राउन ऑनलाइन आला. म्हणाला, पखवाजाची पुडी फाटली, वरच्या वाडीतला एक जण चांगली बसवतो, त्याच्याकडे बदलायला दिलीय. ऑरेंजने लगेच ‘व्हिज्युअल टास्क’ मागितला. हाही खेळातलाच नियम. बहुतेक कामं अशी असतात की समोरचा खरंच करतोय की नुसता उभा आहे ते कळत नाही. पण मेडबेमधला स्कॅनर चालू केला की अंगाभोवती हिरवा प्रकाश फिरतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला तो दिसतो. इम्पोस्टरला तो आणता येत नाही. होस्टने ही सोय बंद ठेवली नसेल तर यापेक्षा पक्की साक्ष नाही. ब्राउनने नव्या पुडीवर वाजवल्याचा व्हिडिओ टाकला. बोल स्वच्छ, पुडी कोरी. सगळे गप्प. तेवढ्यात यलोने व्हिडिओ पुन्हा बघितला आणि विचारलं, मागे पेटी कोण वाजवतोय?

ऑरेंज : खरा सांग. वाजवलंस मां थंय?
ब्राउन : एक रात वाजवलंय. तेनी पुडयेचे पैशे घेवक नाय. मगे नाय कसा म्हणू?

मतदान झालं. चार ब्राउनला, चार स्किप. कोणी बाहेर गेलं नाही.

आता विचार करा, हीच गोष्ट देवळाच्या पायरीवर सरळ विचारली असती तर? ‘तू त्यांच्यात जाऊन वाजवतोस म्हणे.’ ‘कोण म्हणालं?’ ‘कोण म्हणालं ते सोड.’ इथून पुढे आमच्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दोन घरं आरतीला एकमेकांकडे जायची बंद होतात. बटणाच्या नाटकामुळे आरोप करणाऱ्याला स्वतःच्या नावाने, सगळ्यांसमोर, जागा आणि वेळ सांगावी लागली. आरोपीला सगळ्यांसमोर उत्तर द्यायला मिळालं. आणि अर्धी का होईना खरी निघालेली गोष्ट हसत बाहेर आली. ‘कोणीतरी म्हणालं’ ही आमची कोकणातली सगळ्यात मोठी साक्षीदार. तिला त्या मीटिंगमध्ये बसायला जागाच मिळाली नाही.

उलट उदाहरणही याच ग्रुपवर आहे. एकाने काही महिने सहलीची वर्गणी टाळली. त्याचं ‘सस’ सुरू झालं ते कोणी बटण न दाबता, कोणी काही न विचारता. येता-जाता स्टिकर, त्याचा फोटो लाल करून स्टेटसला, ‘पैसे काढायची वेळ आली की हा व्हेंटमध्ये’. नंतर कळलं की त्याच्या कामाच्या ठिकाणी पगारच अडकला होता. खेळात चुकीच्या माणसाला फेकलं की पडद्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहून येतं की अमका इम्पोस्टर नव्हता. ती ओळ वाचून प्रत्येकाचा चेहरा पडतो आणि पुढच्या मीटिंगला हात जरा आखडतो. होस्ट ही ओळ बंदही करू शकतो. मग फेकला गेला एवढंच कळतं, चूक की बरोबर ते नाही. आमचा ग्रुप त्या सेटिंगवर चालतो. पगाराचं कळल्यावर ‘तो नव्हता रे’ असं एकानेही लिहिलं नाही. स्टिकर तेवढे थांबले. त्याने अजून ग्रुप म्यूटवर ठेवलाय, आणि ते मला पटतं.

पैसा, आजारपण, कोणाचं लग्न जुळणं-मोडणं, या गोष्टींवर बटण दाबू नये असं माझं मत आहे, कारण तिथे स्कॅनर नसतो. पगार अडकल्याचा व्हिडिओ कोण टाकणार? 2020 च्या गणपतीत, 22 ऑगस्टच्या आसपास, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांकडे गावांनी कसं बघितलं ते आठवा. क्वारंटाइनमध्ये असलेल्या पोराला नुसता ठसका लागला तरी वाडीभर बातमी. पुढच्याच महिन्यात आमची पोरं मोबाइलवर एकमेकांना यानाबाहेर फेकत होती. आमच्यातल्या एकाने मुंबईहून आलेल्या चुलतभावाला ग्रुपवर इम्पोस्टर म्हटलं आणि कोणीही हसलं नाही. त्याची भीती खरी होती, गावाची भीतीही खरी होती, आणि खोटं ठरवायला हातात काही नव्हतं. खरा संशय असेल तिथे ही मस्करी चालत नाही. ती चालते शेवटच्या मोदकावर, बांगड्याच्या तुकड्यावर, ‘पाच मिनिटांत पोचतो’वर.

आणि तिथे मात्र ती मनसोक्त करावी, सगळ्या डावपेचांसकट. खेळातला एक जुना डाव आहे, सेल्फ रिपोर्ट. मारणारा स्वतःच मढं सापडल्याचा आरडाओरडा करतो, म्हणजे संशय दुसरीकडे जावा. नवख्यांना तो फार हुशारीचा वाटतो, म्हणून ते हटकून पकडले जातात. परवा आमच्याकडे फ्रीजमधली सोलकढी कोणी संपवली यावर मीटिंग लागली. बोलावली पिंकने, सगळ्यात मोठ्या आवाजात, आणि बोलताना त्याच्या वरच्या ओठावर गुलाबी रेघ होती. सात मतं, एकही स्किप नाही.