खरेदीखताच्या इंग्रजी अनुवादाबद्दल आलेल्या २ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू : "मी मेलबर्नला असतो. पुण्यात प्लॉट घेतला, इथल्या बँकेला खरेदीखताचं इंग्रजी हवं होतं. ११ पानांना सात दिवस लावले. इंग्रजी बोजड. चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी पडलीय हे मी दाखवून दिलं तरी बदलली नाही. रस्त्याचं आताचं नाव घातलं नाही. आर चे चौरस फूट करून दिले नाहीत. आणि पान ९ वरची मोठी चूक शेवटी मीच पकडली. २ स्टार."

नमस्कार साहेब,

पान ९ पासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक आमची आहे. तुमची माहिती उघड होऊ नये म्हणून खाली सगळे नंबर बदलून लिहितो. मूळ दस्तात होतं, "सर्वे नं. ३१, हिस्सा नं. २, यांसी एकूण क्षेत्र ० हेक्टर ८१ आर, पैकी प्लॉट नं. १३, यांसी क्षेत्र १८५.८ चौ. मी." आमच्या इंग्रजीत "पैकी" गळला. दोन अक्षरांचा शब्द, पण त्याच्यावाचून वाक्य असं वाचलं जातं की तुम्ही ८१ आरही घेतले आणि प्लॉटही घेतला. म्हणजे जवळपास दोन एकर जमीन दोन हजार चौरस फुटांच्या किमतीत. बँकेच्या वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला असता.

हे झालं कसं, तेही सांगतो. "८१ आर," वर ओळ संपत होती आणि "पैकी" पुढच्या ओळीच्या तोंडाशी होता. तपासणाऱ्या मुलीने आकडे, नंबर आणि नावं एकेक करून टिक केली, आणि ती सगळी बरोबर होती. आकडे तपासताना मधले छोटे शब्द डोळ्यांखालून निसटतात. तुमचा फोन आला त्याच संध्याकाळी ते पान दुरुस्त केलं, पण पाठवायच्या आधी ते आम्हालाच दिसायला हवं होतं. आता मिळकतीचं वर्णन आम्ही दोघे मिळून तपासतो. एकाने मराठी मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने इंग्रजीवर बोट ठेवून ऐकायचं, आणि "पैकी", "लगत", "उर्वरित", "सामाईक" यातला शब्द आला की थांबायचं. याला वीसेक मिनिटं जास्त जातात.

सात दिवसांबद्दल. मजकूर तिसऱ्या दिवशी तयार होता. परिशिष्टाच्या पानाच्या फोटोत डावीकडची कड दुमडलेली होती आणि चतुःसीमेच्या चार ओळींची पहिली अक्षरं दिसत नव्हती. "...श्चिमेस" वरून अंदाज करता आला असता, पण चतुःसीमेत आम्ही अंदाज करत नाही. तुमच्या वडिलांनी मूळ प्रत घेऊन येईपर्यंत काम थांबलं. थांबलंय हे तुम्हाला कळवायला हवं होतं, ते कळवलं नाही. ही दुसरी चूक आणि तीही आमचीच.

आता पूर्व-पश्चिम. यावर मी सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला वाटतंय आम्ही ऐकलं नाही. दस्तात असं आहे :

पूर्वेस : ९ मीटर रुंदीचा कॉलनी रस्ता
पश्चिमेस : प्लॉट नं. १४
दक्षिणेस : प्लॉट नं. १२
उत्तरेस : लिहून देणार यांची उर्वरित मिळकत

तुमचं म्हणणं, रस्ता पश्चिमेला आहे. मला वाटतं तुमचंच बरोबर आहे. तुमचे वडील मूळ प्रत घेऊन आले तेव्हा सहज म्हणाले होते, "गेटपाशी संध्याकाळी उभं राहवत नाही, ऊन सरळ तोंडावर येतं." पूर्वेच्या रस्त्यावर उघडणाऱ्या गेटात संध्याकाळचं ऊन तोंडावर येणार नाही. त्यांनी दाखवलेल्या मंजूर लेआउटवरही उत्तरेचा बाण धरून पाहिलं तर रस्ता १३ च्या पश्चिमेला आणि १४ त्याच्या पाठीमागे पूर्वेला पडतो. अशी चूक बहुतेक वेळा एकाच कारणाने होते. रस्त्याच्या पलीकडच्या ओळीतल्या एखाद्या प्लॉटचा मसुदा घ्यायचा, नावं आणि नंबर बदलायचे आणि दिशा तशाच राहू द्यायच्या. पलीकडच्या ओळीला रस्ता पूर्वेलाच आहे.

मग बदललं का नाही? शेवटच्या पानावर मी सही करतो ती या वाक्याखाली : हा अनुवाद मूळ मराठी दस्ताशी तंतोतंत जुळतो. "जागेशी जुळतो" असं त्यात नाही. मराठीत "पूर्वेस रस्ता" असताना इंग्रजीत "वेस्ट" लिहिलं, तर जागेबद्दल खरं आणि दस्ताबद्दल खोटं असा कागद तयार होतो, आणि माझी सही दस्ताबद्दलची आहे. मराठी येणारा कोणताही वकील दोन्ही कागद शेजारी ठेवील आणि फरक पहिल्या पाच मिनिटांत काढील. त्यानंतर पूर्ण अनुवादावर कोणी विश्वास ठेवणार नाही, बरोबर असलेल्या दहा पानांवरही नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे. अनुवाद सुधारला तरी दस्त तसाच राहतो. नोंदणी झाली आहे ती मराठी दस्ताची. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम २१ प्रमाणे मिळकत ओळखता येईल असं वर्णन दस्तात लागतं, आणि क्षेत्र व चतुःसीमा यांचा मेळ बसत नसेल तर कोर्ट सर्वसाधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन देतं. उद्या मोजणीवरून शेजाऱ्याशी वाद झाला, तर पुढे येईल ती ही चार ओळींची मराठी. इंग्रजीत ती चूक गुपचूप बुजवली असती तर तुम्ही निर्धास्त झाला असता, आणि मूळ दस्त आहे तसाच राहिला असता.

याचा उपाय चूक दुरुस्ती दस्त. खरेदीखतावर ज्यांच्या सह्या आहेत तेच दोन्ही पक्ष नवा छोटा दस्त करतात. त्यात मूळ दस्ताचा नंबर आणि तारीख, चुकीची चतुःसीमा जशीच्या तशी, त्याखाली बरोबर चतुःसीमा आणि बाकी मजकूर कायम असल्याचा उल्लेख असतो, आणि त्याचीही नोंदणी होते. तुमचे विक्रेते आज पुण्यात आहेत आणि बोलणं चांगलं आहे, तोवर हे करून घ्या. दहा वर्षांनी हेच काम त्यांच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करून करावं लागेल.

बँकेसाठी तोवर एवढं करता येतं, आणि ते केलेलं आहे. परिशिष्टाखाली आमची टीप आहे : चतुःसीमा मूळ दस्तात आहे तशी दिली आहे, अनुवादकाने जागेची पाहणी केलेली नाही. त्यासोबत तुमच्या सहीचं एक वेगळं पत्र आणि लेआउटची प्रत जोडा. तुमचं म्हणणं तुमच्या सहीने जावं, माझ्या प्रमाणपत्राच्या आड नको.

रस्त्याच्या नावाचंही तसंच. पाटी लागली आहे आणि रिक्षावाल्यालाही तेच नाव ठाऊक आहे, मान्य. पण मंजूर लेआउटवर तो "९ मीटर रस्ता" आहे आणि दस्तातही. दोन्हीकडे तोच शब्द असल्यामुळेच हा रस्ता तोच, हे कागदावरून सिद्ध होतं. नवं नाव घातलं की दुवा तुटतो.

आर चे चौरस फूट टीपेत दिले आहेत, मजकुरात नाहीत. कारण आर आणि गुंठा एकच धरून हिशेब करायची सवय सगळीकडे आहे. आर म्हणजे १०० चौ. मी., साधारण १०७६.४ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फूट. फरक साडेबारा फुटांचा दिसतो, पण ८१ आरवर तो हजार चौरस फुटांच्या वर जातो. म्हणून मजकुरात दस्ताचं एकक आणि खाली टीपेत रूपांतर, हीच पद्धत आम्ही ठेवतो. टीप पानाच्या अगदी तळाला बारीक अक्षरांत होती, तुमच्या नजरेतून सुटली असेल. पुढच्या प्रतीत अक्षर मोठं करतो.

बोजड इंग्रजीबद्दल तुमचं काही अंशी पटतं. दस्ताच्या मधल्या पानांवर, पैसे कसे दिले, ताबा कधी दिला, तिथे वाक्यं तोडून सोपी करता आली असती. ते करून देतो. पण मिळकतीच्या वर्णनात सोपं करायला गेलं की अर्थ हलतो. "तुकडी पुणे, पोटतुकडी हवेली" यातली तुकडी म्हणजे नोंदणीचा जिल्हा, तिला तोच शब्द लागतो. उत्तरेच्या "लिहून देणार यांची उर्वरित मिळकत" याला तुम्ही "सेलर्स अदर लँड" सुचवलं होतं. वाचायला छान आहे, पण "अदर लँड" कुठलीही असू शकते, मुळशीतलीसुद्धा. "उर्वरित" म्हणजे याच सर्वे नंबरातली, तुम्हाला प्लॉट विकून त्यांच्याकडे राहिलेली. उद्या त्यांनी तो तुकडा तिसऱ्याला विकला, तर तुमची उत्तरेची हद्द कोणाशी लागते हे त्या एका शब्दावरून कळेल. म्हणून "रिमेनिंग प्रॉपर्टी ऑफ द व्हेंडर" ठेवलं आहे आणि तेच राहील.

चूक दुरुस्ती दस्त झाला की त्याचा अनुवाद आम्ही मोफत करून देऊ आणि मूळ अनुवादाला शिवून एकच संच देऊ. त्याआधी वडिलांच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र काढून बघा. त्यात दुरुस्ती दस्तावर सही करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे का? फक्त खरेदीखतापुरता अधिकार असेल तर मेलबर्नहून नवं पत्र करावं लागेल, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ते पाकीट वडिलांच्या कपाटात पडून राहू देऊ नका.