सिलिंडर संपत आल्यावरची बारीक ज्योत : एका प्रतिक्रियेला उत्तर

सिलिंडर संपत आला की ज्योत बारीक होते ती गॅस थोडा उरल्यामुळे नाही, तर उरलेला गॅस गार पडल्यामुळे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

"गॅस कमी झाला की प्रेशर कमी होणारच, यात थंडीचा काय संबंध? आमच्याकडे सिलिंडर आडवा करून शेवटचा गॅस वापरतात. लिहिण्याआधी जरा स्वयंपाक करून बघा."

शेवटच्या वाक्याचं मला वाईट वाटलं, हे आधीच सांगते. बावीस वर्षं डब्यांचा स्वयंपाक करतेय, महिन्याला किती सिलिंडर बदलते ते माझं मला माहीत, त्यामुळे हे असं बोलायची काही गरज नव्हती.

आता प्रेशरचं. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि तळाला थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी वरच्या वाफेचं प्रेशर ठरतं ते मुख्यतः तापमानावर, किती किलो उरलाय त्यावर नाही. शिवाय मध्ये रेग्युलेटर बसलेला आहे, तो आतलं प्रेशर कितीही असलं तरी शेगडीला ठरलेलं, अगदी थोडंसंच प्रेशर देतो, म्हणून तर पहिल्या दिवशी आणि विसाव्या दिवशी ज्योत सारखीच दिसते. आतलंच प्रेशर त्याच्या गरजेखाली गेलं की मग मात्र तो काही करू शकत नाही.

ते खाली जातं कसं, तर द्रवाची वाफ होताना उष्णता लागते, ती द्रव स्वतःतून आणि सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो. द्रव भरपूर असला तर फार फरक पडत नाही, थोडाच असला तर तो भराभर गार होतो आणि बाहेरून उष्णता घ्यायला आतून द्रव लागलेला पत्राही कमी उरतो. त्यात हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, प्रोपेन उणे ४२ डिग्रीला उकळतं म्हणून ते आधी निघून जातं, मागे राहतं जास्त करून ब्युटेन, ते उकळतं शून्याच्या जवळपास. म्हणजे उरलेल्या गॅसचं प्रेशर थोडं कमी असतं, एवढं तुमचं बरोबर आहे आणि ते मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

मागच्या जानेवारीतलं सांगते. नाशिकला गॅलरीतला सिलिंडर, पहाटे दोन्ही शेगड्या मोठ्या, अर्ध्या तासात पोळ्या भाजेनात. तळाशी चार बोटं उंचीपर्यंत दव धरलेलं, वरचा पत्रा कोरडा, म्हणजे द्रव तेवढाच होता. ताणकाट्यावर भरला १७.१ किलो, कड्याजवळ रिकामं वजन १५.६ लिहिलेलं, म्हणजे दीड किलो गॅस होता! दुसरा सिलिंडर लावून डबे काढले आणि दुपारी ऊन्ह चढल्यावर तोच परत लावला तर ज्योत पूर्ण, निळी. गॅस तेवढाच होता, फरक फक्त गारव्याचा. आणि अर्धा भरलेला असतानाच दोन्ही बर्नर मंद झाले तर रेग्युलेटर किंवा पाइप बघा, एकच मंद असेल तर त्याचा जेट.

आडवं करण्याबद्दल वाद घालणार नाही, ते करू नका. द्रव रेग्युलेटरमध्ये गेला तर ज्योत एकदम भडकते. पुढच्या वेळी तळाला हात लावून बघा आणि मग लिहा.