नव्या कारकुनाने शेटला मेसेज कसा लिहावा

वास्कोला एखाद्या क्लिअरिंग एजंटाकडे नवीन नोकरी लागली असेल, तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा: साहेबांनी सांगितलेला मजकूर कधीही तसाच पाठवू नये. तुमच्या शिक्षणाचा उपयोग काय मग?

समजा, डिचोलीच्या काजू फॅक्टरीवाल्या शेटचे पाच कंटेनर कच्चा काजू आफ्रिकेहून मुरगाव बंदरात उतरले आहेत. मालाची मूळ जहाजपावती, म्हणजे बीएल, बँकेत आहे; ती दिल्यावरच जहाज कंपनी, म्हणजे लाइनवाले, माल सोडायचा हुकूम, म्हणजे डीओ, देतात. उशीर झाला की कंटेनर अडकवल्याचा आकार, म्हणजे डिटेन्शन. साहेब घाईत सांगतात, "शेटना कळव, मूळ बीएल बँकेतून सोडवून आजच पाठवा. त्याशिवाय लाइनवाले डीओ देणार नाहीत. फ्री दिवस शुक्रवारी संपतात, शनिवारपासून डिटेन्शन तुमच्या माथी."

किती हे रोखठोक! बीएल कुणी सोडवायचं, कधीपर्यंत, नाहीतर काय, सगळं एका दमात. शेट दुखावतील ना. तुम्ही लिहा:

"आदरणीय महोदय, आपल्या बहुमूल्य मालाची कागदोपत्री प्रक्रिया अंतिम टप्प्याकडे वाटचाल करीत आहे. मूळ दस्तऐवज यथावकाश प्राप्त झाल्यास आम्ही उपकृत होऊ. विलंबाच्या अनुषंगाने संभाव्य आर्थिक बाबींकडेही आपले लक्ष सविनय वेधीत आहोत."

शुक्रवार गेला तर जाऊ दे, वाक्याला घाट आला. शेटनी लगेच शाबासकीचा अंगठा पाठवला आणि लिहिलं, 'देव बरें करूं.' त्यांनी वाचलं ते एवढंच, की काम होत आलं. 'यथावकाश' म्हणजे घाई नाही, हे त्यांना कळलं. शाळेत मराठी शिकलेला माणूस!

सोमवारी शेटचे ट्रक पोर्टाच्या गेटवर. डीओ नसल्यामुळे गेटपास नाही, त्यामुळे ड्रायव्हर चहा पीत बसलेले. शेटचा फोन आला तर उचलू नका, लेखी कळवा: "किंचित तांत्रिक विसंगती आढळल्याने अल्प प्रतीक्षा अपेक्षित." हे वाचून शेटना वाटलं, कस्टमवाल्यांना मालात काहीतरी सापडलं. ते वकील घेऊन कस्टम हाउसला गेले. तिथल्या अधिकाऱ्याने फाइल बघून सांगितलं, आमचं काही अडलेलं नाही, ड्युटी भरलेली आहे. मग शेट दुपारभर विसंगती शोधत फिरले. बीएल तेवढा वेळ डिचोलीच्या बँकेत निवांत पडून होतं. त्यात जूनचा पाऊस. बंद पेटीत काजूबी घाम धरते, बुरशीचा वास येऊ लागतो, आणि तो वास कितीही सुंदर भाषेत लिहिला तरी गिऱ्हाइकाला आवडत नाही.

बुधवारी लाइनवाल्यांचं बिल आलं. त्यांच्याकडे बिचारे तुमच्यासारखे लिहिणारे नसावेत: कंटेनर पाच, दिवस इतके, दर डॉलरमध्ये, भरल्याशिवाय डीओ नाही. साहेब म्हणाले, शेटना हे पाठव.

असंच थोडंच पाठवायचं? सुरुवात अशी करा: "आपणास कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की..."