‘वॉर’च्या नियमात एक ओळ कमी आहे

पत्त्यांच्या डबीत घडी करून घातलेल्या त्या चिठोऱ्याचा मला मनापासून राग येतो. ‘वॉर’ कसं खेळायचं ते त्यावर छापलेलं असतं. बावन्न पत्ते पिसा, प्रत्येकाला २६ वाटा, गड्डी पालथी ठेवा. दोघांनी एकदम वरचा पत्ता उघडायचा, मोठा पत्ता ज्याचा त्याने दोन्ही उचलायचे. सारखे आले तर युद्ध: काही पत्ते पालथे, त्यावर एक उघडा, आणि जिंकेल त्याला सगळा ढीग. जिंकलेले पत्ते आपल्या गड्डीच्या तळाशी ठेवायचे. समोरच्याचे पत्ते संपले की डाव संपला. एवढं सगळं लिहिलंय. पण तळाशी ठेवताना आधी कुठला ठेवायचा, आपला की जिंकलेला, याबद्दल एक अक्षर नाही. आणि हा डाव कधीतरी संपणार की नाही, ते नेमकं तिथे ठरतं.

आम्ही अमेरिकेत राहतो. माझी सात वर्षांची मुलगी हा खेळ शाळेतून शिकून आली. इथल्या पोरांना तो घरोघरी येतो, कारण त्यात डोकं लागत नाही, वाचता यावं लागत नाही, दोन आकड्यांत मोठा कुठला ते कळलं की झालं. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिचा मावसभाऊ खेळायला बसतात आणि जेवायची वेळ टळते, आंघोळ टळते, एकाचा चेहरा रडवेला होतो, तरी डाव चालूच. उठायचं कुणी? उठला तो हरला. आणि मोठी माणसं सोफ्यावरून सांगतात, “अरे, खेळा, खेळा, संपेल आपोआप.” कशावरून संपेल? कुणी पाहिलंय? मुलांना आपण जे माहीत नाही ते इतक्या खात्रीने का सांगतो?

आधी हा खेळ एवढा लांबतो का ते बघा. साध्या फेरीत एकच पत्ता इकडचा तिकडे जातो. आपला पत्ता परत येतो, वर समोरच्याचा एक येतो. म्हणजे २६ चे २७, मग पुन्हा २६, मग २५, मग पुन्हा २६. शून्यावर किंवा बावन्नवर पोहोचेपर्यंत हे मागे-पुढे चालणार. प्रत्येक फेरी म्हणजे नाणेफेक आहे असं धरलं, तर संभाव्यतेच्या गणितातला एक जुना हिशेब सांगतो की दोघांकडे प्रत्येकी २६ असताना एकाचं दिवाळं निघायला सरासरी २६ गुणिले २६, म्हणजे ६७६ फेऱ्या लागतात. एका फेरीला पाच सेकंद धरा. उघडा, बघा, उचला, तळाशी सरकवा. झाला जवळजवळ तास. आणि ही सरासरी आहे. काही डाव तिच्या खूप पुढे जाणारच.

खरा खेळ यापेक्षा लवकर आटपतो हे मान्य. ज्याच्याकडे मोठे पत्ते जमतात त्याचं पारडं जड होत जातं, आणि युद्धात एकदम तीन किंवा पाच पत्ते जातात. संगणकावर हजारो डाव खेळवले तर सरासरी काही शे फेऱ्यांची निघते. पण युद्ध वारंवार होतं असं कुणी समजू नये. नीट पिसलेल्या जोडात पहिल्या फेरीला दोन्ही पत्ते सारखे निघण्याची शक्यता ५१ मध्ये ३, म्हणजे सतरात एक. अख्खी गड्डी एकदा खेळून झाली तरी सरासरी दीडच युद्ध. ज्या गोष्टीने डाव पुढे सरकायचा ती इतकी विरळ.

आणि मग एक्का. सगळ्यात जास्त रडारड एक्क्यावरून होते. साध्या फेरीत एक्का हरूच शकत नाही. तो हातून जातो फक्त युद्धात: समोरूनही एक्का आला आणि पुढचा पत्ता लहान निघाला, किंवा युद्धात लावलेल्या पालथ्या पत्त्यांत तो गेला. आता समजा पोराकडे एकच पत्ता उरलाय आणि तो एक्का आहे. समोर एक्कावन्न. सगळ्यांना वाटतं, झालं, पुढच्या मिनिटाला संपलं. तो एक्का टाकतो, सत्ती जिंकतो. हातात एक्का आणि सत्ती. पुन्हा एक्का, दुर्री मिळाली. हातात सत्ती, एक्का, दुर्री. सत्ती समोरच्या राणीला गेली. राहिले एक्का, दुर्री. एक्का टाकला, चव्वी मिळाली. दुर्री गेली. राहिले एक्का, चव्वी. दोन, तीन, दोन, तीन. तो मरत नाही आणि वरही येत नाही. त्याला संपवायला दुसरा एक्का किंवा युद्धच यावं लागतं. आणि मधल्या काळात त्याच्या एखाद्या सत्तीने समोरची छक्की मारली की तो चारावर, पाचावर चढतो आणि डावात जीव येतो. जिंकत आलेलं मूल तिथे चिडून पत्ते फेकतं, आणि त्यावर आपण त्याला ‘खिलाडूवृत्ती’ शिकवायला लागतो. त्याची काय चूक?

इथपर्यंत नुसतं लांबणं झालं. पण डाव कधीच न संपणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तीही खरी आहे. चार पत्ते घ्या आणि घरी करून बघा. अथर्वकडे वर एक्का, खाली गुलाम. मुक्ताकडे वर राणी, खाली राजा. अथर्वला सवय अशी की जिंकल्यावर आधी आपला पत्ता तळाशी ठेवायचा, त्याच्याखाली जिंकलेला. मुक्ताची सवय उलटी: आधी जिंकलेला, त्याच्याखाली आपला. दोन्ही सवयी मी डोळ्यांनी पाहिल्यात, काही विचित्र नाही त्यात.

पहिली फेरी: एक्का राणीला मारतो. अथर्वकडे गुलाम, एक्का, राणी. मुक्ताकडे नुसता राजा. दुसरी: राजा गुलामाला मारतो. मुक्ता आधी गुलाम ठेवते, मग राजा. अथर्वकडे एक्का, राणी. तिसरी: एक्का गुलामाला मारतो. अथर्वकडे राणी, एक्का, गुलाम, मुक्ताकडे राजा. चौथी: राजा राणीला मारतो. मुक्ता आधी राणी ठेवते, मग राजा. अथर्वकडे एक्का, गुलाम. मुक्ताकडे राणी, राजा. आता वर जाऊन सुरुवातीची मांडणी वाचा. तीच आहे. पाचवी फेरी म्हणजे पहिलीच फेरी. ही दोन मुलं आपापली सवय पाळत म्हातारी होईपर्यंत बसली तरी या चार पत्त्यांचा निकाल लागणार नाही.

आता तेच चार पत्ते तसेच ठेवा, फक्त मुक्तालाही आपला पत्ता आधी ठेवायला सांगा. दुसऱ्या फेरीनंतर तिच्याकडे राजा, गुलाम असा क्रम होतो. तिसऱ्या फेरीत एक्का राजाला खातो, चौथीत राणी गुलामाला, आणि डाव खलास. त्याच वाटणीचा एकदा चार फेऱ्यांत निकाल, एकदा कधीच नाही. फरक फक्त कुठला पत्ता वर आणि कुठला खाली एवढाच. ती ओळ छापायला किती शाई लागली असती?

कुणी म्हणेल, चार पत्त्यांचं सोड, बावन्नचं बोल. त्यातही, परत ठेवायचा क्रम कायमचा बांधून टाकला तर चक्रात अडकणाऱ्या वाटण्या असतात. कारण एकदा पत्ते वाटले की खेळात नशिबाचा भाग उरतच नाही, पुढचं सगळं ठरलेलं असतं. मांडणी एकदा जशीच्या तशी परत आली की ती येतच राहणार. यावर गणितज्ञांनी काम केलंय. लाक्श्तानोव आणि रोश्चिना या दोघांचा लेख २०१२ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त आला. बांधलेल्या नियमाने डाव गोल फिरू शकतो याचं उदाहरण त्यांनी दिलं, आणि खेळाडू अधूनमधून, पण नियमितपणे, परत ठेवायचा क्रम बदलत असतील तर डावाच्या लांबीची सरासरी अनंत राहत नाही, हेही सिद्ध केलं. प्रत्येक मांडणीतून शेवटाकडे जाणारी निदान एक वाट असतेच, आणि क्रम बदलत राहिला तर कधी ना कधी ती सापडते. पण एखादा डाव अमुक फेऱ्यांच्या आत संपेलच, अशी हमी यातून मिळत नाही.

म्हणजे बघा, जे मूल धसमुसळेपणाने दोन्ही पत्ते कसेही कोंबतं त्याचा डाव बहुधा संपतो. जी दोन मुलं शिस्तीत, प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने ठेवतात, तीच अडकू शकतात. आणि आपण टापटीप शिकवतो, “नीट ठेव, सारखं ठेव” म्हणून ओरडतो! नियम पाळणाऱ्या पोरांना नियमानेच अडकवायचं आणि वर त्यांनाच कंटाळखोर म्हणायचं, याचा मला संताप येतो.

त्या चिठोऱ्यावर आणखी एक गोष्ट नसते. युद्धाला तीन पालथे लावायचे आणि पोराकडे दोनच पत्ते उरलेत, मग काय? काही घरांत तो तिथेच हरला, काही घरांत त्याचा शेवटचा पत्ता उघडा धरतात. दोन घरांतली मुलं एकत्र आली की इथे हमखास भांडण, आणि दोघंही आपापल्या घरच्या नियमाने बरोबर!

पुण्याहून आजी फोनवर म्हणाली की आम्ही भिकार-सावकार दिवसभर खेळायचो, काही बिघडलं नाही. तोही सगळा नशिबाचा खेळ, तोही रेंगाळतो, कबूल. पण म्हणून तासन्‌तास अडकलेल्या सात वर्षांच्या मुलीला “आम्हीही बसायचो” हे उत्तर पुरत नाही.

आमच्या घरात आता मी नियम कागदावर लिहून डबीत घातलाय. जिंकलेले पत्ते तळाशी जाणार नाहीत, बाजूला वेगळा ढीग. हातातले संपले की तो ढीग पिसायचा आणि मग उचलायचा. पिसलं की चक्र टिकत नाही. युद्धाला एकच पालथा, आणि पत्ते कमी पडले तर शेवटचा उघडा. एक्केवाला तरीही रेंगाळतोच, पिसण्याने त्याचं काही होत नाही, म्हणून घड्याळही लावलंय: वीस मिनिटं झाली की पत्ते मोजायचे, ज्याचे जास्त तो जिंकला. भाच्याला घड्याळ मंजूर नाही. त्याचं म्हणणं, त्याच्याकडे दोन एक्के होते.