आयपॅडचा स्क्रीनशॉट कीबोर्डवरून निघतो: एका फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

«आयपॅडला कीबोर्ड जोडला तरी स्क्रीनशॉट बाजूच्या बटणांनीच काढावा लागतो. कमांड-शिफ्टची भानगड फक्त मॅकवर चालते. ४ दाबून हवा तेवढा भाग निवडताच येत नाही, म्हणजे सोय अर्धवट आहे. साध्या ब्लूटूथ कीबोर्डवर तर काहीच होत नाही, आणि कीबोर्डने काढलेला फोटो कमी दर्जाचा येतो.»

सोलापुरातील चादर-टॉवेलच्या धंद्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये हा संदेश बराच पुढे गेला आहे. आता अनेक कारखान्यांत डिझाइन दाखवण्याचे आणि ग्राहकाशी पत्रव्यवहार करण्याचे काम आयपॅडवर चालते, आणि दिवसभरात पडद्याचे फोटो सतत पाठवावे लागतात. त्यामुळे यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या दोन वाक्यांना एकच उत्तर आहे. आयपॅडवर कीबोर्डच्या दोन जोडण्या चालतात आणि त्यासाठी कोणतेही अ‍ॅप घ्यावे लागत नाही.

```
⌘ + Shift + 3
⌘ + Shift + 4
```

पहिली जोडणी दाबली की पूर्ण पडद्याचा फोटो निघतो. मूळच्या मांडणीत त्याचे छोटे चित्र खाली डाव्या कोपऱ्यात काही क्षण दिसते आणि मग फोटो आपोआप Photos मध्ये जमा होतो. दुसरी जोडणी दाबल्यास फोटो निघतो आणि लगेच संपादनाची खिडकी उघडते. तिथे कापणे, खूण करणे, लिहिणे ही कामे करून Done दाबायचे आणि तो फोटोंमध्ये ठेवायचा की फाइल म्हणून, हे ठरवायचे. नव्या आवृत्त्यांत पहिल्या जोडणीनंतरही छोट्या चित्राऐवजी पूर्ण पडद्याचे पूर्वदृश्य उघडू शकते. ते नको असेल तर Settings > General > Screen Capture मध्ये Full-Screen Previews बंद करता येते.

४ विषयीचे वाक्य मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू झाला असावा, असे माझे मत आहे. मॅकवर ४ ची जोडणी दाबली की फुलीसारखा दर्शक येतो आणि आपण ओढून चौकोन निवडतो. ज्याच्या हाताला ती सवय आहे, तो आयपॅडवर तेच दाबतो, पडदा एकदम संपादनाच्या खिडकीत जातो आणि त्याला वाटते की काहीतरी चुकले. प्रत्यक्षात तेथे ४ चे काम वेगळे ठरवलेले आहे: आधी पूर्ण पडदा टिपायचा आणि मग कापायचे. त्या खिडकीत चित्राच्या कडांना आणि कोपऱ्यांना जाड खुणा असतात. त्या आत ओढल्या की हवा तेवढाच भाग उरतो. भाग निवडता येत नाही हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही. फक्त निवड फोटोच्या आधी होण्याऐवजी नंतर होते.

शिवाय हा क्रम आपल्या कामाला उलट सोयीचा आहे. समजा, जॅकार्डच्या चादरीचा ग्राफ पडद्याच्या उजव्या बाजूला उघडला आहे आणि डाव्या बाजूला ग्राहकाचे पत्र आहे, ज्यात किनारीची वेल दोन घरे आत घ्यावी असे लिहिले आहे. ४ ची जोडणी दाबल्यावर दोन्ही बाजू एकाच फोटोत येतात. खुणा ओढून पत्रातील ती ओळ आणि ग्राफचा तो कोपरा एवढेच ठेवायचे, पेनने त्या घरांभोवती गोल काढायचा आणि तिथूनच मास्तरांना पाठवायचे. मॅकवर दोन ठिकाणच्या गोष्टी एका चौकोनात बसवताना मधला निरुपयोगी भाग निवडावाच लागतो. इथेही मधला भाग राहतो, परंतु कोणता कोपरा हवा हे चित्र समोर स्थिर असताना ठरवता येते, आणि चुकले तर खुणा पुन्हा बाहेर ओढता येतात. सफारीत एखादे लांब पान उघडलेले असेल, तर याच खिडकीत वर Full Page असा पर्याय दिसतो आणि पडद्यावर न मावणारे पूर्ण पान पीडीएफ म्हणून ठेवता येते. पत्रके आणि दरपत्रके जपून ठेवणाऱ्यांसाठी तर हा पर्याय फार उपयोगाचा आहे.

आता ब्लूटूथ कीबोर्डविषयीच्या वाक्याकडे येतो. काहीच होत नाही असा अनुभव अनेकांना खरोखर आलेला आहे, हे मी मान्य करतो. पण त्याचे कारण कीबोर्ड साधा असणे हे नाही. ज्या कीबोर्डवर ⌘ छापलेले नसते, त्यावर विंडोजच्या खुणेची कळ कमांडचे काम करते आणि Alt कळ Option चे. म्हणून साध्या कीबोर्डवर विंडोजची कळ, शिफ्ट आणि वरच्या ओळीतील ३ एकत्र दाबायचे. कंट्रोल दाबण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत डिझाइनचे काम करणाऱ्या एका मुलीने माझ्याकडे याच तक्रारीसाठी आयपॅड आणला होता. «काका, फोटो काही निघत नाही, नुसता # उमटतो,» असे ती म्हणाली. तिने टिपणाच्या अ‍ॅपमध्ये दाबून दाखवले तेव्हा विंडोज, शिफ्ट आणि ३ या तिन्ही कळा बरोबर दाबल्या जात होत्या. पण तेच चिन्ह सगळे सांगून जात होते. इंग्रजी मांडणीत शिफ्ट आणि ३ मिळून # येतो. म्हणजे शिफ्ट आणि ३ आयपॅडपर्यंत पोहोचत होत्या, फक्त विंडोजची कळ पोहोचत नव्हती. अनेक कीबोर्डवर खेळताना ती कळ चुकून दाबली जाऊ नये म्हणून तिला बंद करण्याची सोय असते, आणि बहुधा Fn बरोबर तीच कळ दाबून ती सोय चालू-बंद होते. तिच्या कीबोर्डवर कळेच्या कोपऱ्यात कुलपाचे बारीक चिन्ह छापलेले होते. Fn आणि ती कळ एकदा दाबल्यावर कुलूप निघाले, पुढच्याच दाबण्याला डाव्या कोपऱ्यात छोटे चित्र आले आणि # उमटला नाही.

या प्रकरणातून निदानाची जी पद्धत हाती लागते, ती सगळ्यांना वापरता येईल. टिपणाच्या अ‍ॅपमध्ये, इंग्रजी मांडणी ठेवून, तुम्ही दाबता तीच जोडणी दाबा आणि काय उमटते ते पाहा. # आला तर कमांडची कळ पोहोचतच नाही. कुलूप तपासा, किंवा तुम्ही Fn दाबत आहात का ते पाहा. एखादे अनोळखी चिन्ह आले तर तुमची कळ Option म्हणून वाचली जाते. शेजारची कळ वापरून पाहा. काहीच उमटले नाही आणि फोटोही आला नाही, तर बहुधा तुम्ही कंट्रोल दाबत आहात.

खात्रीची आणखी एक चाचणी आहे. जी कळ कमांड असावी असे वाटते ती एकटीच क्षणभर दाबून धरा. ती खरोखर कमांड असेल तर चालू अ‍ॅपमधल्या जोडण्यांची यादी पडद्यावर येते. ही यादी येते म्हणूनच स्क्रीनशॉट घेताना कमांड आधी दाबून रेंगाळू नये आणि तिन्ही कळा सलग दाबाव्यात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कळांची जागाच पटत नसेल तर ती बदलता येते. Settings > General > Keyboard > Hardware Keyboard > Modifier Keys येथे कोणत्या कळेने काय काम करायचे ते ठरवता येते. तो आयपॅड आधी दुसऱ्या कोणी वापरला असेल तर तिथे काही बदलून ठेवले आहे का, तेही पाहावे. Hardware Keyboard ही ओळ कीबोर्ड जोडलेला असतानाच दिसते. ती दिसत नसेल तर कळांचा दोष शोधण्याऐवजी आधी ब्लूटूथची जोडणी तपासावी. एकाच वेळी फोन, संगणक आणि आयपॅड यांच्याशी जुळणाऱ्या कीबोर्डवर कोणत्या यंत्रासाठी कळा चालवायच्या, हे निवडण्याचीही वेगळी सोय असते. ती विंडोजसाठी ठेवलेली असेल तर कमांड आणि Option यांच्या जागा अपेक्षेपेक्षा उलट वाटू शकतात.

दर्जाविषयीचे विधान थोडक्यात निकाली निघते. बटणांनी घ्या किंवा कीबोर्डने घ्या, यंत्रणा पडद्याचेच पूर्ण चित्र उचलते. दहाव्या पिढीच्या आयपॅडचा पडदा २३६० बाय १६४० बिंदूंचा आहे, आणि दोन्ही पद्धतींनी घेतलेल्या, न कापलेल्या फोटोचे माप तेवढेच येते. Photos मध्ये फोटो उघडून माहितीचे i चिन्ह दाबल्यास हे कोणालाही पाहता येईल. फोटो अस्पष्ट होतो तो पुढे, व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवताना, कारण तिथे तो आकुंचित केला जातो. ग्राफमधील घरे मोजायची असतील तर तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. काही व्हिडिओ अ‍ॅपमध्ये चित्राच्या जागी काळा चौकोन येतो, पण ते त्या मजकुराचे संरक्षण असते आणि बाजूच्या बटणांनीही तेथे काळेच येते.

बाजूच्या बटणांविषयी माझा काही आकस नाही. कीबोर्ड सोडवून आयपॅड हातात घेतला असेल, किंवा ब्लूटूथ कीबोर्डचा चार्ज संपला असेल, तर तीच उपयोगी पडतात. पण कीबोर्डच्या आधाराला आडवा उभा केलेला आयपॅड असेल, तर अनेक मॉडेलांत वरचे बटण आणि आवाजाची बटणे डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ येतात, ती दाबताना सगळे उपकरण मागे झुकते, आणि एकच बटण लागले तर पडदा बंद होतो किंवा आवाज बदलतो. होम बटण असलेल्या आयपॅडवर तर आडव्या स्थितीत एक बटण एका टोकाला आणि दुसरे दुसऱ्या टोकाला जाते, म्हणजे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलावे लागतात. टंकन करत असताना मधेच दिसलेला आणि पुढच्या क्षणी नाहीसा होणारा एखादा संदेश टिपायचा असेल, तर हात न उचलता दाबता येणारी ३ ची जोडणीच वेळेवर पोहोचते.